दहा ते साडेदहा: बॉर्डरलाइनमधला एक अर्धा तास कसा पार करायचा

प्राजक्ता, वय सव्वीस, ऐरोलीत नोकरी, ठाण्यात दोन मैत्रिणींबरोबर भाड्याचं घर. रात्री पावणेदहाला तिने मित्राला पाठवलेल्या मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. पाच मिनिटांत तिने सात वेळा फोन लावला. दहा वाजता तिला खात्री पटली होती की हा आपल्याला सोडून चाललाय. मग दोनच गोष्टी सुचत होत्या: त्याला काहीतरी जिव्हारी लागेल असं लिहून नातं तोडून टाकायचं, नाहीतर स्वतःला इजा करायची. प्राजक्ता ही एकच व्यक्ती नाही. भावना हाताळायची कौशल्यं शिकवणाऱ्या स्किल्स ग्रुपमध्ये बसलेल्या अनेकांच्या रात्री एकत्र करून मी ती उभी केली आहे. पण ही रात्र त्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. याच अर्ध्या तासात नेमकं काय करायचं, ते या लेखात सांगतो. त्याआधी ती अशी का पेटते हे थोडं समजून घ्यावं लागेल, नाहीतर पुढच्या सूचना पोरकट वाटतील.

आधी ओळख

बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे बीपीडी. ‘बॉर्डरलाइन’ या नावाने गैरसमजच जास्त होतात. लोकांना वाटतं, आजाराच्या सीमेवर म्हणजे अजून पुरता आजारी नाही. अ‍ॅडॉल्फ स्टर्न या मनोविश्लेषकाने 1938 मध्ये हा शब्द वापरला तेव्हा मज्जाविकृती आणि मनोविकृती यांच्या मधली सीमा त्याच्या मनात होती. ती कल्पना मागे पडली, नाव तेवढं चिकटून राहिलं.

अमेरिकी निदानपुस्तिकेत नऊ लक्षणं दिली आहेत. त्यांतली किमान पाच असावी लागतात, आणि तीही तरुणपणापासून, आयुष्याच्या वेगवेगळ्या भागांत टिकून. नवांतून पाच किंवा जास्त निवडण्याचे 256 मार्ग होतात. त्यामुळे हेच निदान असलेल्या दोन माणसांत एखाददुसरं लक्षणच सारखं असू शकतं. इंटरनेटवरची यादी वाचून ‘हे तर माझंच’ किंवा ‘ही तर माझी सून’ असं ठरवण्याआधी एवढं ध्यानात ठेवा.

नवाची नऊ पाठ करण्यापेक्षा त्यांचे धागे पाहिलेले बरे. पहिला धागा भावनांचा: मनःस्थिती काही तासांत पालटते, राग आवरत नाही, आणि मधल्या काळात आतून पोकळ वाटत राहतं. दुसरा नात्यांचा: कुणी सोडून जाईल या भीतीने केलेली जिवापाड धडपड, आणि आज देवासारखा वाटणारा माणूस उद्या वैरी वाटणं. तिसरा कृतीचा: बेभान खर्च, खाणं, नशा, वेगात गाडी चालवणं अशा गोष्टी, आणि स्वतःला इजा करणं किंवा आत्महत्येचे प्रयत्न. उरलेली दोन लक्षणं म्हणजे ‘मी नेमकी कोण’ हे हातात न राहणं, आणि फार ताण आला की थोडा वेळ संशय दाटणं किंवा आपण आपल्यापासून सुटून लांब उभे आहोत असं वाटणं.

बायपोलरशी हिची गल्लत नेहमी होते. घड्याळ बघितलं तर फरक पटकन कळतो. बायपोलरमध्ये चढलेली अवस्था सलग कित्येक दिवस टिकते, झोप कमी लागली तरी चालते, आणि ती कुणाच्या मेसेजची वाट पाहत बसत नाही. बॉर्डरलाइनमध्ये सकाळ, दुपार, संध्याकाळ तीन वेगळ्या असू शकतात, आणि बहुतेक वेळा त्याआधी दोन माणसांत काहीतरी घडलेलं असतं. तरीही दोन्ही एकाच माणसात असू शकतात. निदान मानसोपचारतज्ज्ञाकडूनच करून घ्यावं.

ती अशी का पेटते

मार्शा लाइनहान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे डीबीटी, उभी केली. तिची पहिली मोठी चाचणी 1991 मध्ये प्रसिद्ध झाली. 2011 मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की सतरा वर्षांच्या असताना त्या स्वतःच हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात होत्या, आणि स्वतःला इजा करत होत्या. त्यांनी मांडलेल्या स्पष्टीकरणाला जैवसामाजिक म्हणतात, कारण त्याला दोन पाय आहेत.

पहिला पाय शरीराचा. काही मुलं जन्मतःच भावनेला लवकर टिपतात. टिपलं की त्यांची प्रतिक्रिया मोठी असते. आणि तिसरी गोष्ट, जी लोक विसरतात, ती म्हणजे चढलेली भावना उतरायला त्यांना इतरांपेक्षा खूप जास्त वेळ लागतो. दहा वाजता दुखावलेली धाकटी बहीण साडेदहाला टीव्ही बघत असते, आणि थोरलीचं अंग अजून थरथरत असतं. ती उतरायच्या आतच दुसरा धक्का बसला तर तो आधीच्या उंचीवर चढतो. लाइनहान म्हणतात, अंगावर भाजल्याच्या जखमा असलेल्या माणसाला साधा स्पर्शही यातना देतो, तसं या माणसांचं मन असतं.

दुसरा पाय घराचा. यासाठी त्यांचा शब्द ‘इनव्हॅलिडेटिंग’, म्हणजे मुलाला आत जे होतंय ते खोटं, चुकीचं किंवा क्षुल्लक ठरवणारं वातावरण. यात मारहाण आणि लैंगिक अत्याचार येतात, आणि या निदानाच्या अनेकांच्या बालपणी ते असतातही. पण सगळ्यांच्या नसतात. आपल्याकडे हे बरेचदा अगदी साध्या वाक्यांतून येतं. ‘एवढंसं लागलं त्यात काय रडायचं.’ ‘ताई बघ कशी शहाण्यासारखी बसते.’ ‘भूक नाही म्हणजे? असं कसं?’ ही वाक्यं बहुतेक मराठी घरांत बोलली जातात, आणि बहुतेक मुलं त्यातून नीट मोठी होतात. म्हणून आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यात अर्थ नाही. इथे खरी अडचण जोडीची आहे: फार टिपणारं मूल, आणि ते टिपणं न दिसणारं घर.

आणि हे दोन पाय एकमेकांना ढकलत राहतात. मूल हळू आवाजात सांगतं, कुणी ऐकत नाही. मग ते किंचाळतं, आणि तेव्हा मात्र सगळं घर धावत येतं. असं दहा वेळा झालं की मूल एकच शिकतं: मधलं काही चालत नाही, एकतर गिळून टाकायचं नाहीतर फोडून टाकायचं. आतल्या भावनेला नाव देणं आणि ती वाहून जाईपर्यंत थांबणं त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. घर म्हणतं, हिला नाटकं करायची सवय आहे. त्यावर मूल आणखी पेटतं.

हे स्पष्टीकरण मला पटतं, कारण त्यातून काय शिकवायचं ते थेट कळतं. पण त्यातला प्रत्येक भाग सिद्ध झालाय असं नाही. त्रास फार होतो हे माणसं स्वतः सांगतात. मात्र हृदयाचे ठोके, घाम अशी मोजमापं घेणाऱ्या अभ्यासांत ‘शरीर जास्त पेटतं’ हे दर वेळी दिसलेलं नाही.

सोसणं म्हणजे सोशीकपणा नव्हे

डीबीटीत चार गटांची कौशल्यं शिकवतात: सजगता, नात्यांत बोलणं, भावना सांभाळणं, आणि आजचा आपला विषय, त्रास सोसणं. या शेवटच्या गटाचं मराठी नाव घेतलं की ग्रुपमधल्या बायका माझ्याकडे रागाने बघतात. आणि ते रास्तच आहे. सोशीक सून, सोशीक आई हे ऐकत त्या वाढलेल्या असतात. तेव्हा फरक आधीच सांगतो. सोशीकपणात दुसऱ्याने दिलेला त्रास वर्षानुवर्षं गिळायचा असतो. इथे स्वतःच्या भावनेची एक लाट वीस-तीस मिनिटं अंगावरून जाऊ द्यायची असते, आणि तेवढ्यात परिस्थिती आणखी बिघडेल असं काही करायचं नसतं. लाट गेल्यावर नवऱ्याशी भांडायचं असेल तर जरूर भांडा, तेव्हा शब्द तरी धड सुचतील.

म्हणून ही कौशल्यं वापरायची वेळ ठरलेली आहे. त्रास टोकाचा आहे, काहीतरी आत्ताच करावंसं वाटतंय, आणि प्रश्न आत्ता सुटण्यासारखा नाही, अशा वेळी. उद्या भरायचं बिल आज रात्री भरता येत असेल तर थंड पाण्यात तोंड घालू नका, बिल भरा.

पहिली पायरी: आकडा

त्रासाला शून्य ते शंभर असा आकडा द्या. शून्य म्हणजे दुपारची गाढ झोप, शंभर म्हणजे आयुष्यातला सर्वांत वाईट क्षण. प्रत्येकाचा एक आकडा असा असतो की त्याच्या वर विचार करणारं डोकं बंद पडतं. बहुतेकांचा तो सत्तरच्या आसपास निघतो. स्वतःचा शोधायला मागचे दोन-तीन प्रसंग आठवा: कुठल्या क्षणानंतर तुम्हाला कुणी सांगितलेलं काहीच ऐकू आलं नाही? तो तुमचा आकडा.

आकडा लागतो, कारण पुढचं साधन त्यावर ठरतं. नवखी माणसं सर्वांत जास्त इथे चुकतात. नव्वदवर असताना ती श्वासावर लक्ष ठेवून बसतात, किंवा ‘सकारात्मक विचार’ करू बघतात. अर्थातच जमत नाही, आणि मग ‘हे सगळं करून पाहिलं, काही उपयोग नाही’ असं ठरवून टाकतात. सत्तरच्या वर आधी शरीर, सत्तरच्या खाली आल्यावर मन.

दहा वाजता प्राजक्ताचा आकडा होता 92.

दुसरी पायरी: हात थांबवणं

याला स्टॉप म्हणतात. अक्षरशः गोठायचं. बोट कीबोर्डवर असेल तर तिथेच. मग एक पाऊल मागे, शब्दशः: फोन पलंगावर उलटा ठेवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जायचं. मग बघायचं: छातीत काय होतंय, डोक्यात कुठलं वाक्य फिरतंय, हात काय करायला निघालेत. त्यानंतर पुढचं पाऊल. हे सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम आहे. याने आकडा खाली येत नाही, फक्त ‘पाठवा’चं बटण दाबलं जात नाही. तेवढ्यासाठीच ते आहे.

स्वतःला इजा करायला वापरलेली किंवा वापरावीशी वाटणारी कुठलीही वस्तू, गोळ्यासुद्धा, याच वेळी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची. खरं तर हे शांत दिवशीच करून ठेवायला हवं. प्राजक्ताची औषधं आठवड्याच्या हिशोबाने तिची रूममेट काढून देते.

तिसरी पायरी: पाणी, पाय, श्वास

आता शरीर. मोठ्या पातेल्यात किंवा बेसिनमध्ये गार पाणी घ्या. फ्रिजमधलं आणि नळाचं मिसळलेलं चालतं, पण दहा अंश सेल्सिअसच्या खाली नको, चेहरा दुखायला लागतो. कमरेत वाका, श्वास रोखा, आणि कपाळापासून गालांच्या हाडांपर्यंतचा भाग पाण्यात बुडवा. पंधरा ते तीस सेकंद. बाहेर या, श्वास घ्या, गरज वाटली तर पुन्हा. पातेलं नसेल तर बर्फ फडक्यात गुंडाळून डोळे आणि गालांवर दाबा, तसंच वाकून आणि श्वास रोखून. प्लॅटफॉर्मवर असाल तर स्टॉलवरची थंड बाटली.

माणसासकट सगळ्या सस्तन प्राण्यांत एक प्रतिक्षिप्त क्रिया असते. डोळ्यांभोवतीच्या भागाला गार लागलं आणि श्वास थांबला की शरीराला वाटतं आपण पाण्याखाली आहोत. मग व्हेगस नसेमार्फत हृदयाचा वेग कमी केला जातो. म्हणून नळाखाली हात धरून किंवा पायांवर पाणी ओतून ही क्रिया होत नाही, थोडं बरं वाटेल एवढंच. आणि म्हणूनच हृदयविकार, मंद नाडी, ठोके कमी करणाऱ्या गोळ्या, किंवा न खाण्याचा अथवा खाऊन ओकण्याचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका.

पाण्याचा परिणाम काही मिनिटंच टिकतो, आकडा परत चढू शकतो. तेवढ्या वेळात पुढचं करायचं. दहा-पंधरा मिनिटं जोरात हालचाल: जिने चढ-उतर, जागच्या जागी धावणं, घाम येईपर्यंत. भावनेने अंगात जमवलेली ताकद खर्च व्हायला हवी. मग श्वास: चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा. आत घेण्यापेक्षा सोडण्याला जास्त वेळ द्यायचा, एवढं सांभाळलं की पुरे. श्वास सोडताना आवळलेल्या मुठी, खांदे, जबडा सैल सोडा.

प्राजक्ताने दोनदा पाणी घेतलं, इमारतीचे चार मजले तीन वेळा चढली-उतरली, आणि गच्चीच्या दाराशी पायरीवर बसून पाच मिनिटं श्वास मोजले. घड्याळात दहा वाजून सव्वीस मिनिटं. आकडा 66. ती निराश झाली, कारण तिला वीस हवा होता. पण 66 वर माणूस वाचू शकतो, आणि तिला आता एक कागद वाचायचा होता.

चौथी पायरी: आधी लिहून ठेवलेला कागद

हा कागद शांत दिवशी लिहायचा असतो. पेटलेल्या वेळी लिहिलेल्याचा काडीचा उपयोग नाही. चार चौकटी आखा: मनात येईल ते केलं तर फायदे, केलं तर तोटे, न केलं तर फायदे, न केलं तर तोटे. पहिली चौकट प्रामाणिकपणे भरा. ती रिकामी ठेवणारा कागद खोटा असतो आणि रात्री दहा वाजता तो खोटेपणा लगेच कळतो. प्राजक्ताने लिहिलं होतं: ‘लगेच सुटल्यासारखं वाटतं. त्याला कळतं मला किती दुखलंय. तो धावत येतो.’ हे खरंच होतं, लहानपणी घर धावत यायचं तसंच. तोट्यांत: ‘दुसऱ्या दिवशी लाज. आईला कळलं तर पुन्हा सगळं. तो येतो, पण दर वेळी थोडा लांब जातो.’ न करण्याच्या तोट्यांत एकच ओळ: ‘त्रास तसाच राहतो.’

यानंतर मन दुसरीकडे वळवायचं. टीव्ही चालू करून फोनकडे बघत बसणं म्हणजे मन वळवणं नाही. हात आणि डोकं दोन्ही गुंतेल असं काम हवं: शंभरमधून सात-सात वजा करणं, कपाट लावणं, रूममेटचा उद्याचा डबा भरून देणं. पाच इंद्रियांना काहीतरी मऊ देणं हाही मार्ग आहे: आल्याचा चहा, आजीची गोधडी, मोगरा. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं, आणि सुरुवातीला अनेकांना त्याची लाज वाटते, ‘मी याच्या लायक नाही’ असं. तसं वाटलं तर थेरपिस्टला सांगा, तो कामाचा धागा आहे.

पाचवी पायरी: जे आहे ते

ही कौशल्यं लाइनहान यांनी बऱ्याच अंशी झेन साधनेतून घेतली. मुख्य एक आहे पुरता स्वीकार. स्वीकार म्हणजे पसंती नव्हे, माफी नव्हे, हार मानणंही नव्हे. जे घडलं ते घडलं आहे, याच्याशी आतून चाललेली ‘असं व्हायलाच नको होतं’ ही झटापट सोडणं एवढाच त्याचा अर्थ.

इथे एक सापळा आहे. स्वीकार फक्त वस्तुस्थितीचा करायचा. ‘त्याने मेसेज पाहिला आणि पाऊण तास उत्तर दिलं नाही’ ही वस्तुस्थिती. ‘तो मला सोडतोय’ हा अंदाज, तो स्वीकारायचा नाही. प्राजक्ता पहिल्यांदा हाच अंदाज ‘स्वीकारून’ बसली होती आणि आकडा 66 वरून 80 वर गेला होता. जिने चढायची पुन्हा पाळी आली. दोन वाक्यं वेगळी करून लिहिल्यावर तळवे मांडीवर उघडे ठेवून ती बसली. मन दर मिनिटाला भांडायला उठायचं, आणि दर वेळी त्याला परत आणायचं. स्वीकार एकदा करून संपत नाही.

कुठे हे पुरत नाही

मरण्याची इच्छा ठोस व्हायला लागली, कसं आणि कधी हे मनात ठरायला लागलं, तर पातेलं बाजूला ठेवा आणि कुणाला तरी सोबत घेऊन जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 वर दिवसरात्र असते, मराठीतही बोलता येतं.

पूर्ण डीबीटीत चार गोष्टी असतात: दर आठवड्याला एकट्याची भेट, दर आठवड्याला साधारण अडीच तासांचा स्किल्स ग्रुप, मधल्या वेळी फोनवर मदत, आणि थेरपिस्टांची आपसातली बैठक. साधारण वर्षभर. आपल्याकडे चारही एका ठिकाणी मिळणं कठीण, म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: ग्रुप आहे का, भावना आणि वापरलेल्या कौशल्यांची रोजची नोंद म्हणजे डायरी कार्ड भरून घेता का, अडचणीत फोन केला तर चालेल का? तिन्हींना ‘नाही’ आलं तर ते समुपदेशन असेल, चांगलंही असेल, पण डीबीटी नव्हे. आणि डीबीटी हाच एक मार्ग आहे असंही नाही. टोरांटोत 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बॉर्डरलाइनसाठीच नीट आखलेल्या साध्या मानसोपचाराने वर्षभरात डीबीटीइतकाच फरक पडला. बॉर्डरलाइनसाठी म्हणून मंजूर झालेलं औषध नाही. औषधं दिली जातात ती सोबतच्या नैराश्यासाठी किंवा झोपेसाठी.

घरच्यांसाठी एकच: त्या अर्ध्या तासात ‘शांत हो’ म्हणू नका, कारण हेच ऐकत ती वाढली आहे. ‘खूप दुखलंय तुला, दिसतंय. पाणी आणू का गार?’ एवढं पुरे. समजूत आणि हिशोब दुसऱ्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी

मित्राचं उत्तर सकाळी आलं. त्याला काही दिवस लांब राहायचं होतं. म्हणजे तिची भीती अगदीच निराधार नव्हती, आणि ती सकाळही 85 पासून सुरू झाली. मात्र मागे न घेता येण्यासारखं काही तिने रात्री लिहिलं नव्हतं, आणि अंगावर नवी जखम नव्हती. डायरी कार्डावर तिने भरलं: इजा करावीशी वाटणं पाचपैकी पाच, केलं नाही. कौशल्यं: स्टॉप, पाणी दोनदा, जिने दोनदा, कागद.

गुरुवारी थेरपिस्टने ते कार्ड समोर ठेवून त्या दिवसाची साखळी उलगडायला घेतली, कडी कडी मागे जात. पावणेदहाच्या मागे साडेसातची खच्चून भरलेली लोकल निघाली. तिच्या मागे बॉसचं चार लोकांसमोरचं एक वाक्य. आणि त्याच्याही मागे, दुपारी दोन वाजता, न उघडलेला डबा.